पिशवीतल्या सात पुड्या : गरोदरपणात काढे, चूर्णं आणि हर्बल चहा कसे तपासायचे

नागपुरात गेली बावीस वर्षं मी औषधांच्या दुकानात बसते. गेल्या उन्हाळ्यात माझी भाची माहेरपणाला आली, सहावा महिना लागलेला. पाय सुजलेले, पोटऱ्यांत रात्री वांब येतात म्हणाली. घरच्या मशीनवर बीपी बघितलं तर १३६/८८. चौथ्या महिन्याच्या तिच्या कार्डावर १०८/७० लिहिलेलं होतं. मी विचारलं, काही औषध घेतेस का? ती म्हणाली, "नाही मावशी, डॉक्टरांच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सोडून काहीच नाही."

रात्री बघते तर ओट्यावर तिची एक कापडी पिशवी, आणि ती एका पुडीतली पावडर चहाच्या भांड्यात उकळत उभी. हे काय? "हे तर घरचं आहे नं. औषध कुठं?"

हा लेख त्या पिशवीबद्दल आहे. पहिल्यांदा गरोदर असलेल्या जवळपास प्रत्येकीच्या घरात अशी एक पिशवी असते, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर तिचं नाव घ्यायचं कुणाला सुचत नाही.

आधी सगळं टेबलावर मांडा

"मी काय काय घेते" हे आठवून सांगता येत नाही, म्हणून वस्तूच समोर मांडायच्या. भाचीच्या पिशवीतून सात गोष्टी निघाल्या. इतवारीतून आणलेली ज्येष्ठमधाची सुटी पावडर, पोट साफ करायच्या चूर्णाची डबी, 'गर्भपाल रस' नावाच्या गोळ्या, शतावरी कल्प, सुंठ, केशराची डबी आणि ऑनलाइन मागवलेला गर्भवतींसाठीचा हर्बल चहा.

प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहा : नाव काय, कशासाठी घेते, एका वेळी किती, आणि कधीपासून. 'किती' लिहिताना 'थोडंसं' चालत नाही. घरात छोटा वजनकाटा असेल तर आपल्या नेहमीच्या चमच्याने पावडर काढून तोला. आमच्याकडे चहाचा शीग लावून भरलेला चमचा ३ ग्रॅम निघाला. भाची असे दोन चमचे रोज घेत होती, दीड महिन्यापासून.

'नैसर्गिक' हा शब्द या वहीत कुठंच बसत नाही हे लिहिताना लगेच लक्षात येतं. धोतराही नैसर्गिकच. वरणात चिमूटभर पडणारी गोष्ट आणि तीच रोज ६ ग्रॅम महिनाभर पोटात जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला स्वयंपाक झाला, दुसरं औषध. औषध म्हटलं की मात्रा आली, दिवस आले आणि सोबत आणखी काय चालू आहे तेही आलं.

ज्येष्ठमध : गोड लागतं, म्हणून निरुपद्रवी वाटतं

भाचीला जळजळ व्हायची. शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमधाचा काढा सांगितला, आणि खरंच बरं वाटलं. घशाला, आम्लपित्ताला ज्येष्ठमध लागू पडतं यात खोटं काही नाही. पण त्याची गोडी ज्यामुळे येते त्या द्रव्याचं नाव ग्लिसिरायझिन, आणि गरोदरपणात ते दोन ठिकाणी अडचण करतं.

आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचं ताणाचं हार्मोन असतं. ते मूत्रपिंडात मोकळं सुटलं तर मीठ-पाणी अडवून धरतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. असं होऊ नये म्हणून मूत्रपिंडात एक एन्झाइम पहारा देत असतं आणि कॉर्टिसोल निष्प्रभ करत असतं. ग्लिसिरायझिन त्या पहारेकऱ्यालाच झोपवतं. मग बीपी चढतं, पाय सुजतात, पोटॅशियम उतरतं आणि पोटऱ्यांत गोळे येतात.

हेच एन्झाइम वारेतही असतं. आईच्या रक्तातलं कॉर्टिसोल जसंच्या तसं बाळाकडे जाऊ नये हे तिथं त्याचं काम. फिनलंडमध्ये लोक ज्येष्ठमधाच्या गोळ्या-मिठाई भरपूर खातात, त्यामुळे तिथं यावर अभ्यास झाले. गरोदरपणात आठवड्याला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लिसिरायझिन पोटात गेलेल्या आयांची मुलं वयात येताना तपासली, तेव्हा काही बौद्धिक चाचण्यांत ती इतर मुलांच्या मागे दिसली. अशा अभ्यासाने कारण पक्कं ठरत नाही, पण फिनलंडच्या सरकारी आहार-सल्ल्यात गर्भवतींनी ज्येष्ठमध टाळावं असं आहे.

आता भाचीचा हिशोब. रोज ६ ग्रॅम पावडर. मुळात ग्लिसिरायझिन ३ टक्के धरू, बऱ्याचदा याहून जास्त असतं. म्हणजे १८० मिलिग्रॅम. उकळून गाळल्यावर त्यातलं निम्मंच पाण्यात उतरलं असं मानलं तरी ९० मिलिग्रॅम रोजचं, आठवड्याचं ६३०. हात आखडून केलेला हिशोब आहे हा, तरी ५०० च्या वर गेला.

आणि मग त्या हर्बल चहाचं खोकं उलटवून बघितलं. घटकांच्या यादीत तिसऱ्या नंबरवर ज्येष्ठमध. किती, ते लिहिलेलंच नाही, नुसतं 'निवडक वनस्पतींचं मिश्रण'. तो चहा रोज एक कप जात होता. एकच वस्तू दोन दारांनी घरात येत होती आणि भाचीला वाटत होतं ती दोन वेगळ्या गोष्टी घेते आहे.

म्हणून तयार हर्बल चहा घेताना खोक्याच्या पुढच्या बाजूचं पोटावर हात ठेवलेल्या बाईचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. प्रत्येक घटकाचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर गरोदरपणात तो चहा घेऊ नये असं माझं मत आहे, कंपनी कितीही मोठी असो. घशासाठी एखाद दिवशी ज्येष्ठमधाची काडी चघळली म्हणून घाबरायचं कारण नाही. रोजचा काढा मात्र बंद.

पोट साफ करायची डबी

"मावशी, पोट साफच नाही होऊन राहिलं," ही तक्रार तर प्रत्येकीची. गर्भारपणातलं प्रोजेस्टेरॉन आतड्यांची हालचाल मंद करतं, त्यात लोहाच्या गोळ्या. डबीवर लिहिलं होतं : सोनामुखी, हरडा, काळं मीठ वगैरे.

सोनामुखी आतड्याला चिमटा काढून काम करून घेते. डॉक्टरांनी दोन-चार दिवसांपुरती दिली तर हरकत नसते. रोज घेतली की जुलाबावाटे पाणी आणि पोटॅशियम दोन्ही जातं, आणि तिच्याशिवाय पोट साफ होत नाही अशी सवय लागू शकते. आता ज्येष्ठमध आठवा, तेही पोटॅशियम घालवतं. भाचीचं पोटॅशियम तपासलं तर ३.२ निघालं, ते ३.५ च्या वर हवं. नुसत्या काढ्याने किंवा नुसत्या चूर्णाने कदाचित एवढं उतरलं नसतं. दोन्ही मिळून उतरलं, आणि काळ्या मिठातलं सोडियम वर बीपीला हातभार लावत होतं.

आपल्याकडे दोन गोष्टी आणखी लक्षात घ्यायच्या. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, घामानेच अंग कोरडं पडतं, त्यात जुलाब म्हणजे चक्कर येऊन पडायला निमंत्रण. दुसरी, सिकलसेल. विदर्भात हा आजार कितीतरी घरांत आहे. ज्या बाईला सिकलसेल आहे तिच्या अंगातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखणं सुरू होतं. नुसत्या वाहकाला सहसा हा त्रास होत नाही. पण आपण यातल्या कोण, हे तपासणीशिवाय कळत नाही. पहिल्या तपासणीच्या रक्तात सिकलसेलची चाचणी झाली का, कार्डावर बघा. नसेल तर मागून घ्या.

सोनामुखीऐवजी काय? इसबगोल. रात्री एक ते दोन चमचे, पण पूर्ण पेलाभर पाण्यात आणि वर आणखी अर्धा पेला पाणी. कमी पाण्यात घेतलं तर तेच आत चिकटून बसतं आणि मग "इसबगोलनं तर उलट झालं" म्हणून लोक येतात. लोहाच्या गोळीनेच त्रास होत असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांकडून दुसऱ्या प्रकारची घ्या. ती गोळी संत्र्यासोबत किंवा लिंबू-पाण्यासोबत घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं. चहासोबत आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत मात्र घ्यायची नाही.

'रस' म्हणजे ज्यूस नाही

पिशवीतली मला सगळ्यात जास्त खटकलेली वस्तू म्हणजे त्या 'गर्भपाल रस' गोळ्या. गर्भ टिकावा म्हणून सासूबाईंनी ओळखीच्या दुकानातून आणलेल्या, चाळीस दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ चालू. भाचीला वाटलं, रस आहे म्हणजे कसला तरी पाला वाटून केलेला असेल.

आयुर्वेदात औषधाच्या नावात 'रस' आला की बहुतेक वेळा पारा किंवा खनिज वापरलेलं असतं. बाटलीवरची नावं अशी वाचायची : हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. पारद म्हणजे पारा. नाग भस्म म्हणजे सापाचं काही नव्हे, नाग म्हणजे शिसं. वंग म्हणजे कथील. हरताळ, मनःशिला, सोमल ही सगळी आर्सेनिकची रूपं. गर्भपाल रसाच्या पारंपरिक पाठातच हिंगूळ आणि नाग भस्म आहे. म्हणजे ही भेसळ नाही, कृतीच तशी आहे. पारा, हिंगूळ, सोमल यांसारखी विषारी द्रव्यं असलेल्या आयुर्वेदिक औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' अशी सूचना छापायचा नियम आहे. भाचीच्या बाटलीवर ती होती, इतकी बारीक की मी चष्मा लावून वाचली.

शुद्धी केलेलं भस्म बाधत नाही असं अनेक वैद्य सांगतात. त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही, रक्त तपासता येतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सहा गर्भवतींची माहिती प्रसिद्ध केली होती. सहाही जणी भारतात तयार झालेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या आणि सहाही जणींच्या रक्तात शिसं वाढलेलं होतं.

शिसं वार ओलांडून बाळापर्यंत जातं आणि वाढत्या मेंदूला बाधतं. त्याची फसवी बाजू अशी की आईला जाणवणारी लक्षणं म्हणजे थकवा, बद्धकोष्ठ, पोटात दुखणं, रक्त कमी होणं. सहाव्या महिन्यातली कुठली बाई यातलं काही सांगत नाही? त्यामुळे कुणालाच संशय येत नाही. उलट पोट साफ होत नाही म्हणून आणखी एक चूर्ण पिशवीत येऊन पडतं.

अशा गोळ्या घेतल्या असतील तर ताबडतोब थांबवा, बाटली फेकू नका, ती डॉक्टरांना दाखवा आणि 'ब्लड लेड लेव्हल' तपासायची का ते विचारा. शिरेतून काढलेलं रक्त लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे डेसिलीटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतं ते शोधून बंद करायचं. आहारात कॅल्शियम आणि लोह कमी असेल तर तेही भरून काढायचं असतं, कारण ते कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. भाचीचं ८ आलं. गोळ्या बंद केल्या, लोह-कॅल्शियम नेमाने सुरू ठेवलं, पुढच्या महिन्यात ५ च्या खाली उतरलं.

सासूबाईंना हे सांगणं मला जड गेलं. त्यांनी प्रेमानेच आणलं होतं. "ताई, आमच्या वेळी सगळ्याच घेत होत्या," त्या म्हणाल्या. मी त्यांना बाटलीवरचा 'नाग' शब्द दाखवला आणि अर्थ सांगितला. मग त्याच म्हणाल्या, "बाप्पा! शिसं? बॅटरीतलं?" पुढे काही बोलावं लागलं नाही.

पिशवीत काय राहिलं

सुंठ राहिली. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलं आहे, दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठेपर्यंत, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा, तोही दिवसभरात विभागून. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर आधी विचारायचं.

केशराच्या दोन-चार काड्या दुधात, तर आनंदाने घ्या. बाळ गोरं होत नाही, बाळाचा रंग आई-बापाकडून येतो. पण ग्रॅमच्या हिशोबात केशर घेऊ नका, मोठ्या मात्रेत ते गर्भाशयाला आकुंचन देतं.

शतावरी कल्प आम्ही बाजूला ठेवला, शतावरीमुळे नव्हे तर कल्पामुळे. कल्प म्हणजे बहुतांश साखर. भाची दोन मोठे चमचे दोन वेळा दुधात घालत होती आणि तिची ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी व्हायची होती. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गर्भारपणातला मधुमेह. तिची १३४ आली, काठावर. डॉक्टरांनी कल्प बंदच ठेवायला सांगितला.

आयुर्वेदावर विश्वास असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जा. सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं स्त्रीरोगाचा विभाग आहे. चांगला वैद्य तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगेल की तीव्र रेचक गर्भिणीला वर्ज्य आहे. शेजारच्या काकू हे सांगत नाहीत. फक्त वैद्याने दिलेलं डॉक्टरांना आणि डॉक्टरांनी दिलेलं वैद्याला दाखवा, दोघांपासून लपवू नका.

डॉक्टरांना कसं सांगायचं

डागा, मेडिकल, मेयो अशी नागपूरची सरकारी रुग्णालयं असोत की खाजगी दवाखाना, ओपीडीत तुमच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. "मी आयुर्वेदिकपण घेते" एवढंच म्हटलं की "बंद करा" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी वहीचं ते पान आणि मोबाइलमध्ये प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचे फोटो घेऊन जा. भाचीने असं सांगितलं : "ज्येष्ठमधाचा काढा रोज ६ ग्रॅमचा, ४५ दिवस घेतला, परवापासून बंद आहे." डॉक्टरांनी लगेच लघवीत प्रोटीन आणि रक्तात पोटॅशियम तपासायला लिहिलं.

लघवीची ती तपासणी का, हे समजून घ्या. वीस आठवड्यांनंतर बीपी वाढलं की काढ्याला दोष देऊन घरी बसायचं नसतं, प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे बीपी चढून बहुतेकदा लघवीत प्रोटीन जाणारा गरोदरपणातला गंभीर आजार, असू शकतो, आणि तो काढा थांबवल्याने थांबत नाही. भाचीच्या लघवीत प्रोटीन नव्हतं. काढा, चहा आणि चूर्ण बंद केल्यावर दहा दिवसांनी बीपी ११८/७६ आलं, पोटॅशियम ३.७. ज्येष्ठमधाचा परिणाम असा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. ओसरला नसता तर दुसरं कारण शोधावं लागलं असतं, म्हणून तेवढे दिवस रोज सकाळी बीपी मोजून लिहीत होतो.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, बरगडीखाली दुखणं, चेहरा एकाएकी सुजणं, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काही झालं तर फोटो-वही राहू द्या, १०८ किंवा १०२ ला फोन करून निघा.

नवव्या महिन्यातलं एरंडेल

पिशवीत नव्हतं, पण येणार हे मला माहीत होतं. दिवस भरत आले की कुणीतरी कोमट दुधातून एरंडेल द्यायला सांगतंच. एरंडेलाने आतडं जोरात आवळतं, आणि त्याबरोबर गर्भाशयही. कधी कळा येतात, कधी नुसते जुलाब आणि उलट्या होऊन बाई ऐन बाळंतपणाला थकून जाते. कळा किती जोरात येतील हे घरी कुणाच्या हातात नसतं, आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारं घरी कुणी नसतं. आधीचं सीझर असेल तर जुन्या टाक्यावर येणारा ताण फार महागात पडू शकतो. तारीख उलटली तर दवाखान्यात जायचं, तिथं कळा आणायची औषधं मोजून देतात आणि नको वाटलं तर थांबवताही येतात. पोटात गेलेलं एरंडेल थांबवता येत नाही.

भाचीच्या सासूबाईंचा फोन आला तेव्हा छत्तिसावा आठवडा चालू होता. "ताई, एरंडेल आणून ठेवलं होतं, पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं." मी म्हटलं, राहू द्या, दिव्याला कामी येईल.